बाळाच्या भेटवस्तूंबद्दल प्रत्येकाला वेगळ्या चार ओळी कशा लिहाव्यात?

प्रश्न: आमची मुलगी दोन महिन्यांची झाली. भेटायला येऊन गेलेले आणि काही ना काही पाठवलेले असे मिळून पन्नासेक जण आहेत. नवरा म्हणतो, ग्रुपवर एकच मेसेज टाकू आणि मोकळे होऊ. मला प्रत्येकाला वेगळं लिहायचंय, पण लिहायला बसलं की सगळं सारखंच होतं. आत्याने स्वतः विणलेला स्वेटर, टोपी आणि मोजे कुरियरने पाठवले. तिला लिहिलेलं असं आहे: "प्रिय आत्या, तू पाठवलेली सुंदर भेट मिळाली. आम्हा सर्वांना खूप आवडली. बाळावर तुझे आशीर्वाद असेच राहू देत. मनःपूर्वक धन्यवाद." हे कोरडं वाटतं. थोडक्यात पण मनापासून कसं लिहायचं?

उत्तर:

तुमच्या मजकुरात चुकीचं काही नाही. पण हाच मजकूर मावशीला, शेजारच्या काकूंना, ऑफिसातल्या वरिष्ठांना, एक अक्षर न बदलता पाठवता येईल. "सुंदर भेट", "खूप आवडली", "आशीर्वाद असू देत" ही वाक्यं खोकं उघडायच्या आधीसुद्धा लिहून ठेवता येतात, आणि वाचणाऱ्याला ते लगेच कळतं. निमंत्रणं, आभाराची पत्रं, निरोपाचे मजकूर असं घरगुती लेखन मी बरीच वर्षं लोकांना करून देते. नव्या आईबापांचे कच्चे मसुदे बहुतेक असेच असतात. त्यांचं प्रेम कमी नसतं. हातात जेमतेम दहा मिनिटं असतात, आणि दमलेल्या डोक्याला आधी तयार वाक्यं सुचतात.

अशा वेळी भाषा सजवायला जाऊ नका. देणाऱ्याला माहीत नसलेली एक गोष्ट सांगा: त्याने दिलेल्या वस्तूचं पुढे काय झालं, किंवा तो येऊन गेल्यावर घरात काय झालं. स्वेटर कसा आहे हे आत्याला तुमच्यापेक्षा चांगलं माहीत आहे, तिने तो टाका टाका विणलाय. तो बसला का, कधी घातला, घालताना मुलगी रडली की गप्प राहिली, हे तिला माहीत नाही, आणि तुमच्याशिवाय कुणी सांगूही शकत नाही. ती बातमी हाती लागली की बाकीच्या दोन ओळी आपोआप जमतात.

जवळच्यांच्या बाबतीत याचा आणखी एक फायदा आहे. आत्या, मामा, सख्खी मैत्रीण अशा माणसांना औपचारिक आभार मानले की ती जरा दुखावतात. "आभार कसले मानतेस, मी काय परकी आहे का?" हे त्यांचं उत्तर ठरलेलं असतं. म्हणून पुष्कळ लोक काहीच लिहीत नाहीत, आणि मग महिन्याभराने "वस्तू मिळाली तरी का?" असा प्रश्न आडून येतो. बातमी सांगितली की ही अडचण राहत नाही. मजकुरात आभाराचा शब्द नसला तरी चालतो, वस्तू वापरात आहे एवढ्यानेच त्यांना भरून पावतं.

आता आत्याचाच मजकूर घेऊ. लिहायच्या आधी वस्तू हातात घ्या. खरंच घ्या, आठवणीतून लिहू नका. स्वेटर उलटसुलट बघा आणि स्वतःला विचारा, विणताना तिने कुठे विचार केलाय? समजा, खांद्यावर दोन बटणं आहेत, म्हणजे गळा मोठा उघडतो आणि डोक्यातून ओढावा लागत नाही. बटणं खांद्यावर ठेवायची हे तिने विणताना मुद्दाम ठरवलं असणार. समजा, बाह्या लांब आहेत, तुम्ही त्या दोनदा दुमडता. टोपी नेमकी बसते. मोजे एका पायातून सारखे निघतात. एवढं दिसलं की कागदावर चार तुकडे मिळाले: बटणं, बाह्या, टोपी, मोजे. चारही लिहायचे नाहीत. जिथे तिची मेहनत दिसते आणि जिथे मुलगी दिसते, असे दोनच घ्यायचे. माझ्या मते इथे बटणं आणि बाह्या.

मग मजकूर असा होतो:

"आत्या, खोकं मंगळवारी मिळालं, सगळं नीट पोचलं. खांद्यावर बटणं ठेवलीस ते फार बरं केलंस. डोक्यातून काही घालायला गेलं की ही आकांत करते, तुझा स्वेटर मात्र गुपचूप घालून घेते. बाह्या अजून दोनदा दुमडतो, त्यामुळे पुढचे काही महिने तरी तो हिच्या अंगावरच दिसेल. तू आलीस की तूच घाल तिला."

पाचच वाक्यं आहेत, आणि यातलं एकही मावशीला पाठवता येणार नाही. "सुंदर" हा शब्द नाही, "धन्यवाद" नाही, आणि आत्या हा मेसेज घरात दोघांना तरी वाचून दाखवेल. तुम्हाला "धन्यवाद" हवाच असेल तर शेवटी एकदा घाला, काही बिघडत नाही. फक्त तो पहिल्या वाक्यात नको, कारण तिथे तो आला की पुढचं सगळं अर्जासारखं वाटायला लागतं.

बाह्या लांब असल्याचं सांगितलंय, पण ते तक्रारीसारखं लागत नाही. कारण त्याच वाक्यात त्याचा फायदाही सांगितलाय, आणि तो खरा आहे. मोज्यांचं काही लिहिलं नाही, लिहायची गरजही नाही. आभाराच्या मजकुरात सगळ्या वस्तूंचा हिशोब द्यावा लागत नाही, "सगळं पोचलं" एवढ्यात तो येतो. एकाच माणसाने पाच वस्तू दिल्या असल्या तरी एकच निवडा आणि तिच्याबद्दल नीट लिहा. पाचांची यादी केली की पोचपावती होते.

शेवटचं वाक्यही बघा. "तू आलीस की तूच घाल" यात पुढच्या भेटीचं दार उघडं ठेवलंय, पण तारीख मागितलेली नाही आणि द्यायचीही गरज नाही. घरात तान्हं मूल असताना "लवकर या" असं सरसकट पन्नास जणांना लिहू नका. त्यातले वीस जण खरंच येतील. ज्यांनी यावं असं तुम्हाला मनापासून वाटतं त्यांनाच लिहा. बाकीच्यांसाठी "ती जरा मोठी झाली की निवांत भेटू" हे पुरेसं आहे.

बाळाबद्दलची ओळ वयाला धरून हवी, नाहीतर जाणत्या माणसाला ती बनावट वाटते. दोन महिन्यांची मुलगी खुळखुळा हातात धरून खेळत नाही. तळहाताला बोट लावलं की मूठ आवळते, पण ती उपजत प्रतिक्रिया असते. वस्तू मुद्दाम धरून हलवणं साधारण तीन-चार महिन्यांपासून पुढे सुरू होतं. तेव्हा खुळखुळा देणाऱ्या आजींना "ती दिवसभर त्याच्याशी खेळते" असं लिहिलं, तर ज्यांनी चार मुलं वाढवलीत त्या मनातल्या मनात समजून जातील. त्याऐवजी जे होतं ते लिहा: "खुळखुळा वाजला की रडणं मध्येच थांबवून कानोसा घेते." माणसाकडे बघून ओळखीचं हसणंही बहुतेक बाळांत सहा ते आठ आठवड्यांच्या आसपास दिसू लागतं. त्यामुळे तुमच्या मुलीच्या बाबतीत ते नुकतंच सुरू झालं असेल, आणि ती बातमी खरोखर ताजी आहे. नवजात बाळाला वीस-तीस सेंटिमीटरवरचं त्यातल्या त्यात स्पष्ट दिसतं आणि ठळक, गडद-फिकट नक्षी आधी लक्ष वेधते. म्हणून काळ्यापांढऱ्या चित्रांचं पुस्तक कुणी दिलं असेल तर "पट्ट्यांच्या पानावर नजर खिळते, बाकीची पानं अजून नको असतात" हे लिहिता येतं, आणि ते कानाला खरं लागतं.

लगेच वापरता न येणाऱ्या वस्तूंबद्दल लोक सगळ्यात जास्त अडतात. गुबगुबीत दुलई, उशी, मोठं मऊ अस्वल हे सगळं प्रेमाने येतं. पण पहिलं वर्षभर झोपताना बाळाजवळ उशी, सैल पांघरूण, मऊ खेळणी ठेवू नयेत असं बालरोगतज्ज्ञ सांगतात, कारण ती तोंडा-नाकावर येऊन श्वास अडू शकतो. आता दुलई देणाऱ्याला काय लिहायचं? खोटं लिहू नका. "रोज तुमच्याच दुलईत झोपते" असं लिहिलं की पुढच्या भेटीत ते फोटोचा आग्रह धरतील, किंवा त्यांच्या घरातल्या दुसऱ्या तान्ह्या बाळालाही तसंच झोपवतील. आणि नियमाचं व्याख्यानही देऊ नका, ते आभाराचं ठिकाण नव्हे. वस्तूचा आज जो खरा उपयोग होतो तो सांगा. ती जागी असताना, तुम्ही समोर बसलेले असताना, तिला थोडा वेळ पालथं घालता ना? तेव्हा सतरंजीवर ती दुलई ताणून पसरा. मग लिहिता येईल: "मामी, दुलई जमिनीवर अंथरून तिला थोडा वेळ पालथी घालतो. मान क्षणभर उचलते आणि पुन्हा गाल टेकते, त्या मऊपणावर तिचं चांगलं चाललंय." अस्वल कपाटावर बसलं असेल तर तेही सांगा: "अस्वल सध्या कपाटावरून आमच्यावर लक्ष ठेवून आहे. ती बसायला लागली की खाली उतरवू." देणाऱ्याला वस्तू आज वापरली गेलीच पाहिजे असं नसतं. घरात तिची जागा ठरलीये हे कळलं की पुरतं.

लहान पडलेल्या कपड्यांबद्दलही हेच. बाळं भराभर वाढतात आणि अगदी छोट्या मापाचे कपडे काही आठवड्यांत आखूड होतात. एकदाच घातला असेल तर "पहिल्यांदा बाहेर नेलं तेव्हा तोच घातला होता" एवढं म्हणा. अजिबात बसला नसेल तर कापडाबद्दल, रंगाबद्दल किंवा त्यांनी तो निवडला याबद्दल एक ओळ लिहा आणि थांबा. एकाच प्रकारच्या दोन वस्तू आल्या असतील तर "आमच्याकडे आधीच एक होती" हे कुणालाच लिहू नका. दोघांना आपापल्या वस्तूबद्दल लिहा.

पाकीट देणाऱ्यांना रक्कम कधीही लिहू नका. मेसेज दुसऱ्या कुणाच्या हाती पडतो, आणि तुलना तिथून सुरू होते. त्या पैशाचं काय करणार हे ठरलं असेल तर तेवढं सांगा: "तुम्ही दिलेलं तिच्या नावाने वेगळं ठेवलंय" किंवा "त्यातून तिच्यासाठी गादी घेतली". ठरलं नसेल तर उगीच काही जुळवून लिहू नका. त्यांनी पाकीट देताना जे म्हटलं किंवा केलं ते आठवा. बहुतेक मोठी माणसं पाकीट बाळाच्या मुठीत टेकवतात आणि काहीतरी पुटपुटतात. "तुम्ही तिच्या हातात पाकीट टेकवलंत आणि तिने ते घट्ट धरलं, ते अजून डोळ्यांपुढे आहे" हे रकमेपेक्षा त्यांना जास्त आवडेल.

ऑफिसच्या सगळ्यांनी मिळून काही दिलं असेल तर गटाला एक मजकूर पुरतो. त्यात वस्तूचं नाव स्पष्ट हवं आणि सही दोघांची. पण वर्गणी गोळा करून, दुकानात जाऊन, तुमच्या दारापर्यंत ती वस्तू आणणारं एक माणूस असतंच. त्याला वेगळ्या दोन ओळी लिहा, गटात नव्हे, स्वतंत्र. गटात कुणी किती दिले याचा उल्लेख नको, आणि कुणाचंच नाव वेगळं काढू नका. सहा नावं लिहिली आणि सातवं राहिलं, तर लक्षात तेच राहतं.

भेटायला आलेल्यांना लिहिणं हे वस्तूंपेक्षा अवघड, कारण हातात धरून बघायला काही नसतं. "वेळात वेळ काढून आलात" या वाक्यापाशी सगळे अडकतात. इथेही तोच प्रश्न विचारा: ते गेल्यावर काय झालं? कुणी बाळाला अर्धा तास धरलं आणि तेवढ्यात तुम्ही डोकं धुऊन आलात. कुणी न विचारता सिंकमधली भांडी घासली. मोठं मूल असेल तर कुणी बाळाकडे न जाता आधी त्याच्याशी खेळलं, आणि त्या दिवशी त्याने हट्ट केला नाही. ते लिहा: "ताई, तू तिला घेऊन बसलीस आणि मी कितीतरी दिवसांनी निवांत आंघोळ केली. संध्याकाळपर्यंत मी वेगळीच माणूस होते." आलेल्या माणसाला वाटत असतं की आपण फक्त बसून आलो. आपल्यामुळे काहीतरी हलकं झालं हे त्याला कळतच नाही, तुम्ही सांगितल्याशिवाय.

आणि जे आले नाहीत त्यांनाही लिहा, यावर माझा विशेष जोर आहे. "सर्दी झालीये, बरा झालो की येतो" म्हणून घरी थांबलेला मित्र, तुम्ही "आत्ता नको" म्हटल्यावर रागावली नाही ती चुलत बहीण, दारातच डबा ठेवून बेल न वाजवता गेलेले शेजारी. नवजात बाळाच्या दृष्टीने आजारी असताना न येणं ही मोठीच काळजी घेणं आहे. "तू आला नाहीस याबद्दल खरंच बरं वाटलं, आता खणखणीत झालास की ये" हे मित्राला लिहिता येतं. बहिणीला जरा सांभाळून: "तेव्हा मी कुणालाच भेटण्याच्या अवस्थेत नव्हते, तू समजून घेतलंस. आता ये, तिला तुझ्या हातात द्यायचंय." असे मजकूर कुणीच पाठवत नाही, त्यामुळे ते लक्षात राहतात.

मेसेजातून आवाज तुमचाच ऐकू यावा. आत्याला बोलताना "तू" म्हणत असाल तर लिहिताना "आपण दिलेली भेटवस्तू" नको, आणि नवऱ्याच्या मावशींना "तुम्ही" म्हणत असाल तर मध्येच "तू आलीस" असं घसरायला नको. दमलेल्या अवस्थेत, एक मजकूर दुसऱ्यावरून उचलताना, हे हमखास होतं. म्हणून पाठवायच्या आधी फक्त क्रियापदं वाचा: आलीस, आलात, दिलंत. ती एकाच घरची आहेत ना, एवढंच बघायचं. नावं दोघांची द्या, पण मजकूर एकाच्या तोंडचा ठेवा. "आम्हा उभयतांना" अशा भाषेत कुणी घरात बोलत नाही. आणि वाटणी करताना तुमचे नातेवाईक तुम्ही, त्यांचे ते, असंच करायचं बंधन नाही. जावयाने सासूच्या बहिणीला स्वतः दोन ओळी लिहिल्या तर त्याचं फार अप्रूप वाटतं.

बाळाच्या तोंडून लिहिण्याची एक पद्धत आहे: "आजी, मी तुझा फ्रॉक घातला बरं का!" अगदी जवळच्या एखाद्या आजीला गंमत म्हणून ठीक. सगळ्यांना नको. मोठ्या माणसाला तुमच्याकडून ऐकायचं असतं, आणि भांडी घासून गेलेल्या मैत्रिणीचे आभार बाळ कसं मानणार? ती गोष्ट तुमच्यात आणि तिच्यात घडली.

काही ठिकाणी बाळाबद्दल कमी लिहावं. ज्यांना मूल हवंय आणि होत नाहीये, ज्यांनी मूल गमावलंय, त्यांनीही तुम्हाला काहीतरी दिलेलं असतं, आणि ते देताना त्यांना काय वाटलं असेल याचा विचार करा. त्यांना मजकूर जरूर पाठवा, टाळणं जास्त बोचतं. पण फोटो मागितल्याशिवाय पाठवू नका, तिच्या लीला सांगू नका. वस्तू आणि तुमचं नातं यावर राहा: "तू निवडलेला रंग बघूनच कळलं की हे तुझ्याकडून आलंय. तू आठवणीने पाठवलंस, फार जवळचं वाटलं. तुझ्याशी निवांत बोलायचंय, तुला जमेल तेव्हा." पुढचं पाऊल त्यांच्यावर सोडा.

आता तुमच्या नवऱ्याच्या सूचनेबद्दल. ग्रुपवर एक मेसेज टाकायला हरकत नाही, पण त्याचं काम वेगळं. तो घाई कमी करण्यासाठी आहे: "सगळ्यांच्या भेटी आणि वस्तू पोचल्या, आम्ही तिघं ठीक आहोत, हळूहळू एकेकाला लिहितो." एवढा मेसेज पडला की उरलेल्यांना वाट बघताना वाईट वाटत नाही आणि तुम्हाला महिनाभराची सवड मिळते. तो वैयक्तिक मजकुराच्या जागी मात्र चालत नाही. व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट लिस्टने एकच मजकूर पन्नास जणांना वेगवेगळा दाखवण्याचा मोहही टाळा. ज्यांच्या फोनमध्ये तुमचा नंबर साठवलेला नाही त्यांना तो पोचतच नाही, आणि हे बहुधा वयस्क नातेवाईकच असतात. ज्यांना पोचतो ते एकमेकांशी बोलतात, आणि दोन बहिणींना शब्दशः तोच मेसेज आलाय हे संध्याकाळपर्यंत कळतं.

आधी कुणाला लिहायचं? ज्यांची वस्तू कुरियरने आली त्यांना. ते समोर नव्हते, ती पोचली का हेही त्यांना ठाऊक नसतं. त्यांना त्याच दिवशी "मिळालं, उघडून सविस्तर लिहिते" अशी एक ओळ टाका, खरा मजकूर नंतर. त्यानंतर वयस्क माणसं, मग बाकीचे. ज्यांना वाचायला त्रास होतो त्यांना लिहूच नका, तोच मजकूर अर्ध्या मिनिटाच्या आवाजी संदेशात बोला. मागे बाळाचा आवाज आला तर येऊ द्या.

पन्नास मजकूर एका बैठकीत लिहू नका. दिवसाला तीन खूप झाले. चौथ्यापासून वाक्यं पुन्हा सारखी व्हायला लागतात. तपासायचं असेल तर दिवसाचे तिन्ही मजकूर एकाखाली एक ठेवा आणि नावं झाका. कुठला कुणाचा हे ओळखता आलं तर पाठवा. रात्री दूध पाजताना सुचलं तर एका हाताने बोलून टाइप करून ठेवा, पण पाठवा सकाळी. बोलून टाइप केलेल्या मराठीत नावं आणि अनुस्वार बिघडतात, ते उजेडात एकदा बघायला हवेत. शिवाय पहाटे तीनला फोन वाजला की वयस्क माणसं घाबरतात.

उशीर झाला असेल तर माफीने सुरुवात करू नका. "खूप उशीर झाला, दिवस कसे जातात कळत नाही, मनात होतं पण..." असं लिहिलं की चारातल्या तीन ओळी तुमच्याबद्दल होतात. थेट बातमीवर या. उशिराचा एक फायदाही असतो, सांगायला जास्त असतं: स्वेटर आता दुमडावा लागत नाही, पुस्तकाचं दुसरं पानही चालतं.

फोटो जोडणार असाल तर वस्तू आणि बाळ दोन्ही दिसेल असा एकच, ज्याचा त्याला. कोपऱ्यात दवाखान्याचा कागद, पूर्ण नाव, जन्मतारीख, घराचा पत्ता यातलं काही येत नाही ना ते बघा. स्टेटसवर नको असेल तर तसं सरळ लिहा: "हा फोटो फक्त तुझ्यासाठी." याने कुणी रागावत नाही, उलट आपल्याला काहीतरी खास मिळालं असं वाटतं.

या सगळ्याला एक नोंद लागते, नाहीतर दोन महिन्यांनी काहीच आठवत नाही. फोनच्या नोंदवहीत प्रत्येकापुढे तीन गोष्टी लिहा: काय दिलं किंवा केलं, त्या वेळी काय बोलले किंवा काय घडलं, आणि मजकूर गेला का. मधली गोष्ट सगळ्यात आधी विसरली जाते आणि मजकूर तिच्यावरच उभा राहतो, त्यामुळे ती त्याच दिवशी टिपा, अगदी तीन शब्दांत: "मुठीत पाकीट, हसली". यापुढे येणारी प्रत्येक वस्तू उघडण्याआधी तिचा चिठ्ठीसकट फोटो काढा. कागद फाडले की चिठ्ठी कुठल्या वस्तूची होती ते समजत नाही.

जे आधीच येऊन गेलेत त्यांची नोंद आज दोघांनी मिळून करा. एकाला वस्तू आठवते, दुसऱ्याला बोलणं. तरी एक-दोन वस्तू बिननावाच्या राहतीलच. ज्यांनी दिल्याचा संशय आहे त्यांना थेट विचारू नका, "तो पिवळा फ्रॉक तुमचाच ना?" याचं उत्तर "नाही" आलं तर दोघंही अवघडता. त्या दिवशी घरात असलेल्या तिसऱ्या माणसाला विचारा, तुमच्या आईला किंवा नणंदेला. बहुतेक वेळा त्यांना पिशवीचा रंगसुद्धा आठवत असतो. तरीही कळलं नाही, तर त्या दिवशी आलेल्या प्रत्येकाला त्याच्या भेटीबद्दल लिहा आणि फ्रॉक मुलीला घालून ठेवा. पुढच्या वेळी ज्याने दिला तो बघून आपणहून बोलेल, आणि त्याच दिवशी त्याला वेगळ्या दोन ओळी पाठवता येतील.